सूचक, अनुमोदक आणि बूच

आम्ही बुचं बनवतो. लग्न ठरवायला गेलो होतो तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, "काय करता आपण?" तेव्हा मी हेच उत्तर दिलं होतं. त्यानंतर ते बराच वेळ पंख्याकडे बघत होते. पुढे नातेवाइकांत "जावई प्लास्टिक इंडस्ट्रीत आहेत" असं सांगायला त्यांनी सुरुवात केली. इंडस्ट्री म्हणजे घाटकोपर पश्चिमेला, एल.बी.एस. मार्गापासून आत, तळमजल्याचा एक गाळा. त्यात दोन इंजेक्शन मोल्डिंग मशिनं, सहा माणसं आणि दाण्याच्या गोण्या. आठ कॅव्हिटीची डाय आहे, म्हणजे मशीन एकदा उघडलं की आठ बुचं खाली पडतात. तेलाच्या, फिनेलच्या, गुलाबपाण्याच्या बाटल्यांची. तुम्ही रोज एक तरी फिरवत असाल, पण कोणी बनवलंय असा विचार तुमच्या मनात आला नसेल, आणि तक्रार नाही. बूच लक्षात राहतं ते गळलं तरच.

गेल्या जानेवारीत एका गिऱ्हाइकाकडे एक लाख शहाऐंशी हजार रुपये चार महिने अडकून पडले होते. फोन केला की त्यांचे अकाउंटंट म्हणायचे, "साहेब साइटवर आहेत." तेल भरणाऱ्या माणसाची साइट कुठली, हे मला अजून कळलेलं नाही. आमचे हिशेब बायको बघते. ती म्हणाली, "अहो, एखाद्या असोसिएशनचे मेंबर व्हा ना. लेटरहेडवर खाली लिहिलं की समोरचा जरा घाबरतो."

मुंबईत हे दुखणं आणि हा उपाय दोन्ही जुने. इथल्या व्यापाऱ्यांनी बॉम्बे चेंबर काढलं ते 1836 साली. 1907 मध्ये देशी व्यापाऱ्यांनी इंडियन मर्चंट्स चेंबर वेगळं काढलं. 1927 मध्ये वालचंद हिराचंदांनी महाराष्ट्र चेंबरची स्थापना केली. मोठ्या माणसांनी जहाजं आणि साखर कारखाने यांच्यासाठी जे केलं, ते मी बुचांसाठी करायला काय हरकत होती? अर्थात मी चेंबरकडे गेलो नाही. छोट्या उत्पादकांची एक संघटना फोर्टात आहे, तिचा नंबर मिळवला. तिचं नाव सांगत नाही, कारण मी आता तिचा सभासद आहे.

फोन एका मॅडमनी उचलला.

"मेंबरशिपची फी किती आहे?"

"सर, टर्नओव्हर किती आहे?"

भाजीवाल्याला भेंडीचा भाव विचारावा आणि त्याने आधी आपला पगार विचारावा, तसं झालं. पण व्यापारी संघटनांत हीच रीत असते. वार्षिक वर्गणी उलाढालीच्या टप्प्यांवर ठरते. इथे एक कोटीपर्यंत पाच हजार, त्याच्यावर नऊ हजार. शिवाय एकदाच भरायची प्रवेश फी अडीच हजार आणि या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी.

आमची उलाढाल ब्याण्णव लाखांची. म्हणजे पाच हजारांचा टप्पा. पण मराठी माणूस प्रामाणिकपणाने स्वतःचं नुकसान करण्यात कधी मागे नसतो. मी विचारलं, "जीएसटी धरून की सोडून?" ब्याण्णव लाखांवर 18 टक्के चढवले की एक कोटी आठ लाख होतात आणि मी एका झटक्यात नऊ हजारांच्या लायनीत जातो. पलीकडे शांतता. मग मॅडम कोणाला तरी विचारून आल्या आणि म्हणाल्या, "सर, असं कोणी विचारलं नव्हतं." संध्याकाळी सीएला विचारलं. तो म्हणाला, "बॅलन्सशीटमध्ये विक्री लिहिली आहे तीच उलाढाल. जीएसटी तुमचा नाहीच, तो सरकारचा. तुम्ही फक्त पोस्टमन. आणि कृपा करून लोकांना असले प्रश्न विचारू नका."

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मी स्लो गाडी पकडून सीएसएमटीला गेलो. घाटकोपर स्टेशनच्या पुलावर मेट्रोतून उतरलेली आणि लोकलमध्ये चढणारी माणसं एकमेकांच्या अंगावरून जातात, तिथे फाइल छातीशी धरून चालायचं म्हणजे बाळ घेऊन यात्रेत शिरण्यासारखं. फाइल मात्र शाबूत पोचली.

मॅडमनी चकचकीत पत्रक दिलं. त्यावर फायदे छापलेले होते, एकूण सतरा. मी दुकानदाराच्या नजरेने एकेक तपासायला लागलो. मासिक मिळणार. सभागृह सवलतीत मिळणार (आमच्या सहा माणसांना सभागृह लागत नाही, गाळ्यातच एकमेकांना धक्के लागतात). प्रदर्शनात स्टॉल सवलतीत. आरोग्य तपासणीत सूट. व्हिसासाठी शिफारसपत्र. सरकारदरबारी निवेदनं. आणि अकराव्या क्रमांकावर होतं, 'मूळ देशाचा दाखला'.

"हे काय आहे?"

"सर, तुम्ही एक्सपोर्ट करता का?"

माझी बुचं परदेशी जातात, पण बाटलीच्या डोक्यावर बसून, बिनतिकीट. कागदोपत्री त्यांचा प्रवास भिवंडीला संपतो. तरी मी चौकशी केली, कारण समोर माणूस सांगायला तयार असला की विचारून घ्यावं. माल खरंच भारतात बनला आहे, असं कोणीतरी जबाबदार संस्थेने लिहून द्यावं अशी मागणी परदेशी गिऱ्हाईक किंवा तिथलं कस्टम करतं. तो हा दाखला. पण तो कुठलीही संघटना देऊ शकत नाही. परकीय व्यापार महासंचालनालयाने ज्यांना अधिकार दिलाय त्यांची यादी असते, आणि त्या यादीत नाव असलेल्या संस्थेचाच दाखला चालतो. आणि निर्यातीच्या सरकारी योजनांसाठी जो नोंदणी-सभासदत्व दाखला लागतो, ज्याला सगळे आरसीएमसी म्हणतात, तो आणखी तिसरीकडे, म्हणजे त्या त्या मालाच्या निर्यात प्रोत्साहन परिषदेकडे.

"मग यादीत तुमचं नाव आहे का?"

मॅडमनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "नाही सर. आम्ही दुसऱ्या चेंबरकडे पाठवतो. ती मदत म्हणजे हा फायदा."

मला ही बाई तेव्हाच आवडली. कुठल्याही संघटनेत जाण्याआधी पत्रकातल्या प्रत्येक ओळीपुढे 'हे तुम्ही स्वतः देता की दुसरीकडे पाठवता' एवढंच विचारावं. सतरातले सहा फायदे तिथेच गळाले. मग मी मुद्द्यावर आलो.

"माझे पैसे अडकलेत. तुम्ही काय करू शकता?"

"आपण त्यांना पत्र पाठवतो सर."

"आणि त्यांनी उत्तर दिलं नाही तर?"

"मग स्मरणपत्र."

अर्ज चार पानांचा होता. पॅन, जीएसटी, उद्यम नोंदणी, दोन वर्षांचा ताळेबंद, भागीदारी असेल तर करारपत्र, रद्द केलेला चेक, फोटो. हे सगळं होतं. अडलो तो 'फॅक्टरी लायसन्स क्रमांक' या रकान्यात. महाराष्ट्रात विजेवर चालणाऱ्या कारखान्याला ते लायसन्स लागतं ते वीस कामगार झाल्यावर. माझ्याकडे सहा. म्हणजे कायद्याच्या नजरेत मी कारखाना नाही, संघटनेच्या नजरेत कारखाना असल्याशिवाय सभासद नाही, आणि शेजारच्यांच्या नजरेत मात्र रात्री दहानंतर मी नुसता कारखानाच. मॅडम म्हणाल्या, "'लागू नाही' लिहा आणि गुमास्ता जोडा." आता गुमास्ता म्हणून जे मुंबईत सगळे मागतात, ते माझ्याइतकी थोडी माणसं असली तर 2017 च्या कायद्यानुसार नुसतं ऑनलाइन कळवायचं असतं आणि त्याची पावती मिळते. ती मी जोडली. तिच्यावर लायसन्स हा शब्द नाही हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

पुढचा रकाना होता उत्पादनाचा. जागा जेमतेम अर्धा इंच. शेजारी एचएसएन क्रमांकाचा वेगळा रकाना, त्यावर चांदणी नव्हती, म्हणजे सक्तीचा नाही. मी उत्पादनाच्या जागी सुटसुटीत इंग्रजीत 'कॅप्स' लिहिलं आणि एचएसएनचा रकाना सोडून दिला. ही चूक पुढे येणार आहे, तोवर तिला बाजूला ठेवू.

शेवटचं पान उलटलं आणि मी थबकलो. सूचक आणि अनुमोदक. दोन्ही विद्यमान सभासद हवेत, दोघांची सही-शिक्का हवा, आणि 'अर्जदारास आपण किती वर्षांपासून ओळखता?' याचं उत्तर हवं.

"मॅडम, मी कोणालाच ओळखत नाही. ओळखी व्हाव्यात म्हणूनच सभासद होतोय."

"बरोबर आहे सर," त्या म्हणाल्या. "पण सभासद व्हायला ओळख लागते."

हे वाक्य त्यांनी इतक्या सहजपणे म्हटलं, की पुढे काही विचारणं मलाच उद्धटपणाचं वाटलं.

सूचक मात्र घराजवळ मिळाला. आमच्याच इंडस्ट्रियल इस्टेटीत पलीकडच्या विंगमध्ये एक शेठ पितळेचे नट बनवतात. त्यांच्या गाळ्यात संघटनेचं सभासदत्वाचं प्रमाणपत्र टांगलेलं मी अनेकदा पाहिलं होतं. शेठनी लगेच सही केली, शिक्का मारला, वर चहा पाजला. 'किती वर्षं ओळखता' यापुढे त्यांनी '11' लिहिलं. मी म्हटलं, "शेठ, सहा वर्षं झाली." ते म्हणाले, "पाच वर्षं तुझ्या मशिनचा आवाज ऐकत होतो ना, ते पण धर."

अर्ज परत आला. कारण, सूचकाची तीन वर्षांची वर्गणी थकलेली. थकबाकीदार सभासदाला मत नसतं, तसाच दुसऱ्याला सुचवण्याचा हक्कही नसतो. प्रमाणपत्र मात्र भिंतीवर असतं, ते कोणी उतरवायला येत नाही. शेठना सांगितलं, तर त्यांनी फार व्यवहारी तोडगा काढला: "तू माझी तीन वर्षांची भर, मी तुझी सही करतो." शेठचा टप्पा नऊ हजारांचा. सत्तावीस हजारांची सही मला परवडली नसती. शेवटी मॅडमच म्हणाल्या, "सर, शनिवारी सेमिनार आहे, बाहेरच्यांनाही प्रवेश आहे. चहाला थांबा."

सेमिनारचा विषय होता कुठल्या तरी ऊर्जाबचतीचा. बोलणारे गृहस्थ पंप विकत होते. मागाहून कळलं की संघटनेत सहयोगी सभासद नावाचा एक वर्ग असतो: बँकवाले, विमावाले, सल्लागार, मशिनं विकणारे. त्यांना मत नसतं, पण माइक असतो. आपण सामान्य सभासद होतो, म्हणजे मत मिळतं आणि त्यांचं ऐकावं लागतं.

चहाच्या टेबलावर एक गृहस्थ भेटले, मुलुंडचे. कुकरची हँडलं बनवतात. मी माझी कहाणी सांगितली. सूचक-अनुमोदकाची नव्हे, एक लाख शहाऐंशी हजारांची. त्यांनी बिस्किट चहात बुडवलं आणि विचारलं, "उद्यम नोंदणी आहे?"

"आहे. अर्जाला जोडलीय."

"अर्जाला जोडून काय होणार? बिलावर छापलीय का?"

नव्हती. मग ते जे बोलले, ते त्या सतरा फायद्यांत कुठे छापलेलं नव्हतं. 2006 च्या एमएसएमई कायद्यात साफ लिहिलंय: सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून माल घेतला, तर लेखी करार असेल तरी पैसे द्यायची मुदत 45 दिवसांच्या पुढे नेता येत नाही, आणि करारच नसेल तर पंधरा दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. म्हणजे बँक रेट सहा असेल, तर अठरा टक्के. तक्रार सरकारी पोर्टलवर आपली आपण करता येते, त्याला संघटनेचं पत्र लागत नाही. फक्त माल देण्याआधीपासून उद्यम नोंदणी असलेली बरी, नंतर केली तर तक्रार ऐकणाऱ्या कौन्सिलसमोर वाद होतो. आणि आपण उत्पादक हवं; नुसत्या व्यापाऱ्याला उद्यम क्रमांक मिळाला तरी हे संरक्षण मिळत नाही.

"पण तक्रार केली की गिऱ्हाईक जातं," मी म्हटलं.

"म्हणून तक्रार करायची नाही. मार्चपर्यंत थांबायचं." त्यांनी दुसरं बिस्किट घेतलं. "2023 च्या बजेटमध्ये 43बी(एच) आलं. मुदतीत पैसे दिले नाहीत आणि 31 मार्चलाही देणं बाकी राहिलं, तर त्या खर्चाची वजावट गिऱ्हाइकाला त्या वर्षी मिळत नाही. तुमच्या रकमेवर तो नफा झाल्यासारखा टॅक्स भरतो. तुम्ही त्याला धमकी देऊ नका. फक्त उद्यम क्रमांक छापलेला बाकीचा उतारा मेल करा, त्याच्या सीएला कॉपी ठेवा. गोड भाषेत."

"आणि चिडला तर?"

"काहीजण म्हणतात, उद्यम रद्द करा, तरच ऑर्डर देतो. माझ्या एकाने म्हटलं होतं. मी म्हटलं, साहेब, रद्द करतो, पण मग ॲडव्हान्स द्या. तेव्हापासून बोलत नाही, पण पैसे वेळेवर देतो."

सोमवारी मेल गेला. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या अकाउंटंटचा फोन आला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला फोन केला होता. "तुम्ही मायक्रो की स्मॉल?" मी म्हटलं, "मायक्रो." इतक्या अभिमानाने मी 'मायक्रो' कधीच म्हटलं नव्हतं. 27 तारखेला पैसे जमा झाले. साहेब साइटवरून परतले असावेत.

मुलुंडच्या गृहस्थांनी अनुमोदक म्हणून सही केली आणि सूचक म्हणून टेबलाच्या पलीकडचा एक माणूस ओढून आणला, ज्याने मला चाळीस सेकंदांपूर्वी पहिल्यांदा पाहिलं होतं. 'किती वर्षं ओळखता' पुढे त्याने प्रामाणिकपणे एक डॅश मारला. डॅश मंजूर झाला, शेठचे अकरा नामंजूर झाले होते.

आता पैसे भरायचे. वर्गणीचं वर्ष एप्रिल ते मार्च. मी अर्ज दिला तो मार्च सुरू होताना. आज पाच हजार भरले, तर ते सरत्या वर्षाचे धरले जाणार आणि एप्रिलमध्ये पुन्हा पाच हजार. मंजुरी मात्र कार्यकारिणीच्या बैठकीत, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी. त्या शनिवारी गणपूर्ती झाली नाही, तर पुढच्या महिन्यात. म्हणजे वर्ष संपेपर्यंत मी पैसे भरलेला बिगरसभासद राहण्याची सोय होती. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी फाइलवर पेन्सिलने लिहिलं, 'कागदपत्रं अपूर्ण', आणि म्हणाल्या, "सर, तुमचा एक फोटो कमी आहे. एक एप्रिलला घेऊन या." फोटो दोन्ही होते. सभासदत्वाचा अठरावा फायदा तो हाच.

एप्रिलमध्ये साडेसात हजार अधिक 1,350 जीएसटी, असे 8,850 रुपये भरले. पावती हातात घेतली तर ती माझ्या स्वतःच्या नावावर. बायकोने घरी आल्याआल्या पकडलं. पावती फर्मच्या नावावर, फर्मचा जीएसटी क्रमांक घालून हवी, म्हणजे ती आपल्या 2बी मध्ये दिसते आणि 1,350 परत वळते होतात. नाहीतर ते गेले. मी म्हटलं, "राहू दे, साडेतेराशे तर आहेत." ती म्हणाली, "साडेतेराशे मिळवायला किती बुचं लागतात, माहितीय?" बुचामागे आम्हाला सुटतात आठ-दहा पैसे. मी हिशेब केला नाही, सरळ पुन्हा स्लो गाडी पकडली.

दिवाळीच्या सुमारास सभासदांची डिरेक्टरी आली. जाड, गुळगुळीत. आमचं नाव शोधायला प्लास्टिकचा विभाग उघडला. नाही. पॅकेजिंग उघडलं. नाही. शेवटी मुलीने शोधलं: 'वस्त्रप्रावरणे व ॲक्सेसरीज', पान 64. 'कॅप्स' या मथळ्याखाली दोन नावं, एक माझं आणि एक कुर्ल्याच्या माणसाचं. तो डोक्यावर घालायच्या टोप्या शिवतो. एचएसएनच्या रकान्यात मी बुचांचा 3923 50 लिहिला असता तर कुठल्याही कारकुनाला कळलं असतं. न शिवणाऱ्या माणसाला टोप्यांच्या 6505 शेजारी बसवलं नसतं.

पहिला फोन आठवड्याभरात आला. डोंबिवलीच्या एका क्रिकेट क्लबचा. "दोनशे कॅप्स हव्यात. निळ्या. समोर लोगो येईल ना?"

मी म्हटलं, "निळ्या आहेत. पण 28 मिलिमीटरच्या."

पलीकडे थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग मी त्यांना कुर्ल्याचा नंबर दिला. संध्याकाळी कुर्ल्याहूनच फोन आला. "साहेब, क्लबची ऑर्डर मिळाली, थँक्यू. तुमचं पण एक माझ्याकडे येऊन पडलंय. वसईहून एकजण विचारतोय, हँडवॉशच्या बाटलीला बसेल अशी कॅप. मी त्याला विचारत होतो, डोक्याचं माप काय?"

डिरेक्टरी दोन वर्षांनी छापतात. तोवर दर शुक्रवारी आम्ही एकमेकांना फोन करतो आणि आठवड्याची गिऱ्हाइकं बदलून घेतो. त्याचा भाऊ बुटांची दुकानं चालवतो. त्यालाही सभासद व्हायचंय. परवा म्हणत होता, सूचक मिळत नाही.